बँक, आधार, गूगलला कोणता मोबाइल नंबर द्यायचा, आणि तो नंबर गेला तर काय करायचं

सिडकोत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं केंद्र आहे. जून-जुलैत कॉलेजचे प्रवेश आणि अंबड-सातपूरच्या कंपन्यांमधली भरती एकदमच सुरू होते. समोर बसलेला मुलगा किंवा मुलगी पेठ, सुरगाणा, कळवण, चांदवडकडून नुकतीच नाशिकला आलेली असते. बँकेचा अर्ज असो, शिष्यवृत्ती असो की पीएफ, पहिल्याच पानावर मोबाइल नंबरची चौकट येते, आणि त्या क्षणी फोनमध्ये जे सिम चालू असेल त्याचा नंबर सांगून माणूस मोकळा होतो. मी तिथे हात थांबवते आणि विचारते, "हा नंबर कोणाच्या नावावर आहे?" उत्तर ठरलेलं असतं: "माझाच आहे ना ताई, माझ्याच फोनमध्ये आहे."

फोनमध्ये असणं वेगळं आणि नावावर असणं वेगळं. फोन हातात आहे तोवर हा फरक कळत नाही. फोन हरवला की मोबाइल कंपनी ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच दुसरं सिम देते, वापरणाऱ्याला देत नाही. म्हणून खात्यांना द्यायचा नंबर निवडताना माझी कसोटी एकच असते: हे सिम आज हरवलं, तर उद्या मी एकट्याने जाऊन ते परत मिळवू शकेन का?

गेल्या पावसाळ्यात पेठ तालुक्यातला एक मुलगा आला होता. वय एकवीस, अंबडच्या एका कारखान्यात हेल्पर. आदल्या संध्याकाळी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात त्याचा फोन गेला होता. त्याच्याकडे दोन नंबर होते. पहिला दहावीत असताना मामाने घेऊन दिलेला. आधार, गूगल आणि व्हॉट्सॲप त्याच्यावर. दुसरा आधीच्या कामावर ठेकेदाराने दिलेला. पगाराचं खातं उघडताना ठेकेदाराच्या माणसानेच फॉर्म भरला होता आणि त्यात तो दुसरा नंबर टाकला होता. ते काम सोडून दीड महिना झाला होता आणि सिम परत गेलं होतं. म्हणजे फोन चोरीला जायच्या आधीपासूनच त्याच्या बँकेचे मेसेज दुसऱ्याच कोणाच्या हातात पडत होते. पैसे तो कार्डाने एटीएममधून काढायचा, त्यामुळे त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

पहिला नंबर मामाच्या नावावर, दुसरा ठेकेदाराच्या. त्याच्या स्वतःच्या नावावर एकही नाही. आपल्याकडे हे सर्रास होतं आणि त्याला कारण आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही, म्हणून शाळेत असताना घेतलेला नंबर वडिलांच्या, काकांच्या किंवा मामाच्या कागदांवर निघतो. पुढे मुलगा मोठा होतो, आधारला तोच नंबर जोडतो, पण सिमवरचं नाव बदलायचं कोणाच्या ध्यानात येत नाही. लग्न झालेल्या बायकांचं तर आणखी अवघड. आधारला नवऱ्याचा नंबर आणि बँकेतही नवऱ्याचाच. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या दिवसांत माझ्या केंद्रात बायका आधारचा ओटीपी यायची वाट पाहत बसायच्या, आणि तो येणारा फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा कामावर.

पहिली पायरी: नाव तपासा

तुमच्या मोबाइल कंपनीचं ॲप उघडा. प्रोफाइलमध्ये ग्राहकाचं नाव असतं. तिथे वडिलांचं नाव दिसलं तर उत्तर मिळालंच. ॲपमध्ये तुम्ही स्वतः टोपणनाव टाकून ठेवलं असेल, तर कंपनीच्या गॅलरीत किंवा कस्टमर केअरला विचारा.

दुसरी खूण दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर मिळते. हे संकेतस्थळ मे २०२३ मध्ये सुरू झालं. त्यातल्या या पानावर जा:

```
tafcop.sancharsaathi.gov.in
```

तुमचा नंबर टाका, आलेला ओटीपी भरा. ज्या माणसाच्या नावावर हा नंबर आहे, त्याच माणसाच्या नावावरच्या इतर नंबरांची यादी समोर येते, मधले आकडे झाकलेले असतात. लोक ही यादी आपल्या नावावर कोणी बोगस सिम घेतलंय का हे पाहायला वापरतात, आणि ते योग्यच आहे. पण ती उलट्या बाजूनेही वाचता येते. पेठच्या त्या मुलाचा नंबर परत चालू झाल्यावर आम्ही यादी काढली तर चार नंबर दिसले. शेवटचे आकडे बघून तो म्हणाला, "हा मामीचा, हा मामाच्या दुकानाचा." यादीत मामाचं घर दिसलं, म्हणजे त्याचं सिमही मामाच्याच नावावर. आपल्या राज्यात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात, तेव्हा मोठ्या कुटुंबात एकाच कर्त्या पुरुषाच्या नावावर सगळं घर असलं तर तीही अडचण होऊ शकते.

यादीत अनोळखी नंबर असेल तर त्याच्यापुढे 'माझा नंबर नाही' अशी तक्रार तिथेच नोंदवता येते. मात्र सिम मामाच्या नावावर असताना ही तक्रार करू नका. तुम्हाला अनोळखी वाटलेला नंबर मामीचा असेल आणि तोच बंद पडेल.

दुसरी पायरी: कोणता नंबर धरायचा

ठेकेदाराने, कंपनीने किंवा दुकानाच्या मालकाने दिलेला नंबर कुठल्याही खात्याला देऊ नका. नोकरी आहे तोवर तो तुमच्याकडे, नोकरी संपली की तो पुढच्या माणसाकडे. भरती करणारा माणूस फॉर्म स्वतः भरत असेल तर नंबरच्या चौकटीपाशी त्याला थांबवा आणि आपला नंबर सांगा. बँकेत पहिल्या दिवशी चुकीचा गेलेला नंबर नंतर बदलायला शाखेची खेप पडते आणि अर्ध्या दिवसाची रजा जाते.

उरतात घरचा जुना नंबर आणि नवं सिम. माझं मत जुन्या नंबरच्या बाजूचं आहे, पण तो तुमच्या नावावर करून घेता येत असेल तरच. आधार, नातेवाईक, शाळेचे दाखले, सगळीकडे तोच असतो. नाव बदलायला ज्याच्या नावावर सिम आहे तो माणूस आणि तुम्ही, दोघांनी आपापलं ओळखपत्र घेऊन कंपनीच्या गॅलरीत जायचं. आधीची बाकी असेल तर भरावी लागते आणि दोघांची केवायसी होते. मूळ माणूस हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागते, म्हणून वडील-आजोबांच्या नावावरचे नंबर त्यांच्या हयातीतच बदलून घेतलेले बरे.

मूळ मालक यायला तयार नसेल, किंवा सिम कोणा अनोळखी माणसाच्या कागदांवर निघालेलं असेल, तर त्या नंबरचा मोह सोडा. स्वतःच्या आधारवर नवं सिम घ्या. एम. जी. रोडवर मोबाइलची दुकानं रांगेने आहेत, पण अशा कामासाठी मी लोकांना कंपनीच्या स्वतःच्या गॅलरीतच पाठवते. केवायसी तुमच्या डोळ्यांदेखत होते आणि फॉर्मवरचं नाव तुम्हाला वाचता येतं. रस्त्यावर छत्री लावून बसलेल्या माणसाने "अंगठा नीट उमटला नाही, पुन्हा ठेवा" असं म्हटलं तर सावध राहा. त्या दुसऱ्या ठशावर तुमच्या नावाने आणखी एक सिम निघू शकतं.

दोन सिम ठेवावीत का, हे सगळे विचारतात. पगार चौदा-पंधरा हजार असेल आणि दोन्हींचं रिचार्ज जड जात असेल, तर एकच ठेवा आणि ते नीट सांभाळा. जमत असेल तर दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं, तेही स्वतःच्याच नावावर घ्या. दुकानाचं बिल, कुरियर, नोकरीच्या जाहिराती यांना दुसरा नंबर द्या आणि पहिला फक्त खात्यांसाठी ठेवा.

तिसरी पायरी: नंबर जिवंत ठेवा

मोबाइल कंपन्यांवर नियमन ठेवणाऱ्या ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर वापर नसल्यामुळे नव्वद दिवसांच्या आत कायमचा बंद करता येत नाही. वापर म्हणजे कॉल, पाठवलेला मेसेज किंवा नेट. नव्वद दिवस काहीच झालं नाही, पण मुख्य शिल्लक वीस रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर वीस रुपये कापून आणखी तीस दिवस मिळतात. शिल्लक नसेल तर नंबर तुटतो.

या नव्वद दिवसांवर विसंबून लोक फसतात. नंबर कंपनीच्या यादीत जिवंत असला तरी प्लॅनची मुदत संपली की आधी बाहेर जाणारे कॉल थांबतात आणि पुढे येणारे कॉल-मेसेजही थांबू शकतात. ओटीपीसाठी असा नंबर मेल्यातच जमा. म्हणून बँकेला दिलेल्या नंबरचा प्लॅन संपू देऊ नका. नेट नको असेल तर फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक आहेत. असे पॅक ठेवायला ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना भाग पाडलं आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायची मुभाही दिली. द्राक्षाच्या हंगामानंतर हातात चार पैसे आले की आई-वडिलांच्या सिमला वर्षाचं रिचार्ज मारून टाकायचं, ही आमच्याकडच्या काही निफाडकर मंडळींची पद्धत मला फार पटते.

तुटलेला नंबर तसाच पडून राहत नाही. निदान नव्वद दिवस तो कोणाला दिला जात नाही, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला जाऊ शकतो. हे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, आणि नंबर सोडताना आपलं व्हॉट्सॲप वगैरे काढून टाकायची जबाबदारी ग्राहकाचीच, असं न्यायालयाने म्हटलं. तो नवा ग्राहक चोर असायची गरज नाही. तुमच्या खात्याचा मेसेज त्याच्या फोनवर वाजतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. १ एप्रिल २०२५ पासून बँका आणि यूपीआय ॲपांनी तुटलेल्या व फिरून दिलेल्या नंबरांची यादी आठवड्यातून एकदा तरी ताजी करायची असते, तेव्हा बंद पडलेल्या नंबरवरचं यूपीआय अचानक थांबलं तर हे कारण असू शकतं.

चौथी पायरी: ओटीपीशिवायचा रस्ता आधीच पाडून ठेवा

नंबर कितीही जपला तरी तो एखाद-दोन दिवस हातात नसण्याची वेळ येतेच. अशा वेळी हा माणूस खरंच तोच आहे हे प्रत्येक खातं वेगळ्या पद्धतीने ओळखतं. तुमच्या कोणत्या खात्याची पद्धत कोणती, हे आधी जाणून घ्या.

आधारचा रस्ता तुमच्या बोटांवर आहे. आधारमध्ये नंबर एकच राहतो, पर्यायी नंबर ठेवता येत नाही. पण नंबर बदलायला जुना ओटीपी लागत नाही आणि कागदही लागत नाहीत. आधार सेवा केंद्रात जायचं, बोटांचे ठसे द्यायचे, ७५ रुपये भरायचे. पावतीवरचा यूआरएन जपून ठेवा, त्यावरून काम कुठवर आलं ते पाहता येतं. बऱ्याचदा काही दिवसांत होतं, पण महिनाभर लागू शकतो असं धरून चला. ज्यांची बोटं सिमेंटने किंवा शेतीकामाने घासलेली आहेत त्यांनी डोळ्यांच्या बुबुळांनी ओळख पटवायला सांगावं.

बँकेचा रस्ता शाखेतून जातो. तिथेही नंबर एकच. नंबर बदलायला फॉर्म, पासबुक, ओळखपत्र आणि तुमची सही लागते. काही बँकांमध्ये एटीएमवर कार्ड आणि पिन टाकूनही होतं. खातं गावच्या शाखेत असेल आणि तुम्ही नाशिकला राहत असाल, तर तीच बँक इथल्या शाखेतून नंबर बदलून देते का, हे आजच विचारून घ्या. फोन हरवल्यावर विचारायला गेलात तर दोन शाखांमध्ये हेलपाटे होतात.

गूगलला शाखा नाही, माणूस नाही, काउंटर नाही. तिथे जे आधी करून ठेवलं असेल तेवढंच कामी येतं, आणि म्हणूनच इथे थोडा वेळ द्या. पेठच्या त्या मुलाच्या गूगल खात्यात संपर्क क्रमांक, फोटो, कारखान्याचं नेमणूकपत्र, सगळं होतं. परत येण्याचा नंबर कोणता, तर हरवलेला. दुसरा ईमेल नाही. खातं चालू असलेलं एकमेव यंत्र कोणतं, तर हरवलेला फोन. किल्ली घरात राहून दार लागल्यासारखं झालं होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून फोनवर किंवा संगणकावर हे पान उघडा:

```
myaccount.google.com
```

तिथे Security मध्ये 2-Step Verification सुरू करा आणि त्याच पानावर खाली Backup codes शोधा. गूगल आठ आकडी दहा कोड देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो, आणि त्याला सिम किंवा नेटवर्क लागत नाही. ते कागदावर लिहा. फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवलेत तर फोनबरोबर तेही जातील. नवे दहा कोड काढले की जुने सगळे रद्द होतात, त्यामुळे जुना कागद फाडून टाका.

त्याच Security पानावर दुसरा ईमेल आणि रिकव्हरी फोन भरा. रिकव्हरी फोन तुमच्या मुख्य नंबरपेक्षा वेगळा असावा. दुसरं सिम नसेल तर आई, बहीण किंवा भाऊ यांचा नंबर द्या, पण ज्यांच्या हाती तुमचं खातं जाऊ शकतं हे तुम्हाला चालेल अशाच माणसाचा. खोलीवरच्या मित्राचा नको, तो पुढच्या वर्षी पुण्याला गेलेला असेल. एक लक्षात ठेवा: रिकव्हरी नंबर बदलल्यावर सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. तेव्हा जुनं सिम त्याच दिवशी फेकू नका.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, मग अकाउंट, तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन आणि एक ईमेल द्या. तुमचं सिम दुसऱ्याच्या हाती पडलं तरी हा पिन नसताना त्याला लगेच तुमच्या नावाने व्हॉट्सॲप सुरू करता येत नाही. ईमेल यासाठी, की पिन तुम्हीच विसरलात तर तो बदलता यावा.

आता कागदाबद्दल. त्यावर गूगलचे कोड, बँकेची चोवीस तासांची हेल्पलाइन, मोबाइल कंपनीचा दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून लागणारा नंबर, आणि फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहा. आयएमईआय `*#06#` दाबल्यावर दिसतो, दोन सिमच्या फोनला दोन असतात. पासवर्ड आणि एटीएमचा पिन या कागदावर लिहायचा नाही. कागद पाकिटात ठेवायचा नाही, गावच्या घरी ठेवा किंवा खोलीतल्या कुलुपाच्या पेटीत.

सिमला कुलूप

फोनला पासवर्ड असला तरी चोर सिम काढून आपल्या फोनमध्ये घालतो, आणि मेसेज तिथे यायला लागतात. आता कव्हरच्या मागे खोचलेलं डेबिट कार्ड आठवा. बरीच मुलं ते तसंच ठेवतात. यूपीआयचा पिन नव्याने लावायला साधारणपणे कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीचा महिना-वर्ष आणि एक ओटीपी लागतो. सिम आणि कार्ड एकाच हाती गेलं की बहुतेक सगळं गेलं. कार्ड आजच कव्हरमधून काढा.

मग सिमला पिन लावा. अँड्रॉइडमध्ये सेटिंगच्या सिक्युरिटी भागात सिम लॉक असतो. जागा फोनप्रमाणे थोडी बदलते. पिन लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी पिन मागतं. सुरुवातीचा पिन कंपनीने ठरवलेला असतो. तो अंदाजाने टाकून पाहू नका, कंपनीला विचारा. तीनदा चुकला तर सिम अडकतं आणि ते उघडायचा आठ आकडी कोड, म्हणजे पीयूके, मागतं. पीयूके दहादा चुकला तर सिम कायमचं निकामी. पीयूकेही त्याच कागदावर लिहून ठेवा.

फोन गेला त्या दिवशी

पहिला तास सिम बंद करण्याचा. शेजारच्याच्या फोनवरून कंपनीला सांगून सिम थांबवा, लगेच बँकेला फोन करून कार्ड आणि यूपीआय थांबवा. पैसे गेलेले दिसले तर १९३० वर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मग पोलिसांत तक्रार, त्याची प्रत घ्या, आणि मूळ ओळखपत्र घेऊन गॅलरीत डुप्लिकेट सिमसाठी जा. इथे पेठच्या मुलाची गाडी अडली. सिम मामाच्या नावावर, मामा पेठला. गुरुवारी मामा दुकान बंद ठेवून पहिल्या एसटीने निघाला, सीबीएसला उतरला, आणि दुपारी सिम हातात आलं. संध्याकाळपर्यंत कॉल सुरू झाले, पण ओटीपी काही येईना. मुलाला वाटलं सिम खराब निघालं, तो पुन्हा गॅलरीत जायला निघाला होता. सिम खराब नव्हतं. सिम बदललं की पहिले चोवीस तास मेसेज येणं-जाणं बंद ठेवतात. कोणी चोरून तुमच्या नावाने सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत आणि तुम्हाला सावध व्हायला वेळ मिळावा, यासाठी ही सोय आहे. शुक्रवारी दुपारी मेसेज आपोआप सुरू झाले. म्हणून या चोवीस तासांत पुन्हा पुन्हा ओटीपी मागवू नका. चुकीचे प्रयत्न जास्त झाले तर खातं स्वतःच काही काळ बंद होतं. हाच वेळ बँकेच्या शाखेसाठी वापरा, तिथे ओटीपीशिवाय काम होतं. सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्टही होत नाही, १ जुलै २०२४ पासून तसा नियम आहे.

मेसेज सुरू झाल्यावर संचार साथीवर हरवलेला फोन बंद करायची मागणी नोंदवा. तिथे पोलीस तक्रारीची प्रत, आयएमईआय आणि त्या नंबरवर येणारा ओटीपी लागतो, म्हणून हे काम डुप्लिकेट सिमनंतरच होतं.

याच्या उलट एक खूण सांगून ठेवते. फोन हातात आहे, प्लॅन चालू आहे, शेजारी बसलेल्याच्या त्याच कंपनीच्या सिमला नेटवर्क आहे आणि तुमच्याच सिमचं अचानक गेलं. फोन बंद-चालू करूनही आलं नाही तर संध्याकाळपर्यंत वाट पाहू नका. तुमच्या नावाने कोणी दुसरं सिम काढलं असू शकतं. लगेच कंपनीला विचारा आणि बँकेला कळवा.

नंबर बदलायचाच असेल तर कोणत्या क्रमाने

जुनं सिम जिवंत असतानाच बदला आणि निदान दोन महिने दोन्ही चालू ठेवा. आधी बँक, कारण तिथे पैसे आहेत. त्यानंतर आधार. गूगल आणि व्हॉट्सॲप एका संध्याकाळी होतात. व्हॉट्सॲपमध्ये 'नंबर बदला' हा पर्याय वापरा म्हणजे ग्रुप आणि चॅट तसेच राहतात. यूपीआय मात्र नव्या सिमवर पुन्हा नोंदवावं लागतं, आणि बँकेत नवा नंबर चढल्याशिवाय ते होत नाही, कारण ॲप त्या सिममधूनच मेसेज पाठवून खातं शोधतं. पुढे पीएफ, गॅस, विमा, शिष्यवृत्ती. जुन्या फोनच्या मेसेजमध्ये 'ओटीपी' शब्द शोधा. कोणकोण त्या नंबरवर मेसेज पाठवतं त्याची यादी आपोआप तयार होते, आणि आपल्याला न आठवलेली दोन-तीन खाती त्यात हमखास सापडतात.

मामा नाशिकला आलाच होता, त्यामुळे शुक्रवारी मामा-भाचे पुन्हा गॅलरीत गेले आणि नंबर भाच्याच्या नावावर करायचा अर्ज दिला. त्यासाठी मामाला एक रात्र भाच्याच्या खोलीवर काढावी लागली. बँकेतला ठेकेदाराचा नंबर गुरुवारीच शाखेत फॉर्म देऊन काढला होता, तो तिथे बदलायला सोमवार उजाडला. गूगलचा पासवर्ड त्याला आठवत होता, म्हणून शुक्रवारी आलेल्या कोडवर खातं उघडलं. नसता आठवला तर काय झालं असतं, ते त्यालाही समजलं होतं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, कागद घेऊन. मी त्याला एक सराव करायला लावला, तुम्हीही करा. आपलं सिम बंद ठेवायचं, मामाच्या फोनसारख्या विश्वासाच्या फोनवर आपलं गूगल खातं उघडायचं, आणि कोड मागितला की ओटीपीऐवजी कागदावरचा आठ आकडी कोड टाकायचा. त्याने तसं केलं. खातं उघडलं. मग त्याने त्या फोनवरून खातं बंद केलं, माझ्या टेबलावरचं पेन घेतलं आणि दहातल्या पहिल्या कोडवर काट मारली.